बॉल कॉक नवा, तरी टाकी वाहते: बॉल पाण्यात किती बुडालाय ते आधी बघा

प्रश्न: "कोल्हापुरात सखल भागात दोन मजली घर आहे. गच्चीवर 1000 लिटरची प्लास्टिकची टाकी. महापालिकेचं पाणी पहाटे साडेचारला सुटतं आणि थेट वर चढतं, मोटर लागत नाही. टाकी भरली की बॉल कॉक बंद होतो, पण सहाच्या सुमारास परत पाणी चालू होऊन ओव्हरफ्लोमधून वाहत बसतं. वर्षात दोन बॉल कॉक बदलले. प्लंबर म्हणतात खालचा कॉक अर्धा बंद ठेवा. नेमकं काय करू?"

तुमच्या वर्णनातली सगळ्यात कामाची गोष्ट म्हणजे वेळ. वायसर खराब असता किंवा सीटवर कचरा अडकला असता, तर कॉक पहिल्यापासूनच नीट बंद झाला नसता. तुमचा कॉक बंद होतो, तासभर धरतो आणि मग सोडतो. म्हणजे त्या तासाभरात काहीतरी बदलतं, आणि पाण्याच्या लाइनीत त्या वेळात बदलणारी मुख्य गोष्ट एकच: प्रेशर. हा अंदाज आहे. खात्री कशी करायची ते पुढे सांगतो. पण तो खरा असेल तर तसाच तिसरा बॉल कॉक बसवूनही सहा वाजता तेच होणार आहे.

आधी प्रेशर का वाढतं ते बघू. तुमच्या भागाला ज्या उंच टाकीतून पाणी येतं, तिच्यातल्या पाण्याची पातळी तुमच्या गच्चीवरच्या कॉकपेक्षा जितकी वर, तितकं प्रेशर. 10 मीटर उंचीला एक किलो, म्हणजे प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर एक किलो जोर. पण हे पूर्ण प्रेशर पाणी थांबलेलं असताना मिळतं. पाणी धावत असलं की पाइपातल्या घर्षणात त्यातलं बरंच खर्च होतं. साडेचारला गल्लीतल्या सगळ्या घरांच्या टाक्या एकदम भरायला लागतात, लाइनीतून पाणी जोरात धावतं आणि तुमच्या कॉकपाशी प्रेशर कमी उरतं. सहापर्यंत एकेकाच्या टाक्या भरून कॉक बंद होतात, लाइनीतलं पाणी जवळजवळ थांबतं आणि उंचीचं पूर्ण प्रेशर तुमच्या कॉकवर येऊन उभं राहतं. दुधाळी किंवा शाहूपुरीसारख्या सखल बाजूला हा फरक जास्त जाणवतो. त्याच उंच टाकीवर असलेल्या, पण चढावर राहणाऱ्या घराला हा त्रास बहुधा होणारच नाही, कारण तिथे पूर्ण प्रेशरही कमीच असतं. म्हणून शेजाऱ्याकडे तोच कॉक वर्षानुवर्षं चालतो आणि आपल्याकडे चालत नाही, यात नवल नाही.

आता कॉकच्या आत काय होतं ते. साध्या बॉल कॉकमध्ये पाणी एका गोल छिद्रातून बाहेर येतं. त्या छिद्राच्या कडेला सीट म्हणतात. सीटवर रबरी वायसर लावलेला छोटा दट्ट्या येऊन बसतो आणि पाणी थांबतं. पाणी त्या वायसरला बाहेर ढकलत असतं, बॉल त्याला आत दाबत असतो. मध्ये दांडी आहे, ती पहारीसारखं काम करते: बॉलचा थोडा जोर दट्ट्यापाशी काही पटींनी वाढून येतो. कॉक बंद राहतो की नाही हे चार गोष्टींवर ठरतं: प्रेशर, छिद्राचा आकार, दांडीची लांबी आणि बॉलचा आकार. पितळी आहे की प्लास्टिक, महाग आहे की स्वस्त, याचा टिकाऊपणाशी संबंध आहे. जोराच्या या हिशोबाशी नाही.

बाजारात सर्रास मिळणाऱ्या अर्ध्या इंची कॉकचा हिशोब करून दाखवतो. हे आकडे उदाहरणादाखल आहेत, तुमच्या कॉकची मापं पट्टीनं घेऊन त्यात घाला. समजा छिद्र 12 मिमीचं आहे. त्याचं क्षेत्रफळ 1.13 चौरस सेंटिमीटर. सहा वाजता वर दीड किलो प्रेशर आहे असं धरलं तर वायसरवर सुमारे 1.7 किलोचा जोर येतो. दांडीच्या पिनपासून दट्ट्यापर्यंत 2 सेंमी आणि पिनपासून बॉलच्या मध्यापर्यंत 14 सेंमी असेल तर सात पटींचा फायदा. म्हणजे बॉलनं सुमारे 240 ग्रॅमनं वर ढकलायला हवं. वायसर थोडा दाबला गेला तरच पाणी पूर्ण थांबतं, शिवाय पिनेचं घर्षण असतं, म्हणून चौथा हिस्सा वाढवून 300 ग्रॅम धरा.

बॉल साडेआठ सेंमी व्यासाचा असेल तर त्याचं आकारमान साधारण 320 मिली. तो पूर्ण बुडाला तर पाणी त्याला 320 ग्रॅमनं वर ढकलेल, त्यातून बॉल आणि दांडीचं वजन सुमारे 60 ग्रॅम वजा केलं की हाती 260 ग्रॅम. लागतात 300, आहेत 260. बॉल पाण्याखाली पूर्ण गेला तरी कॉक बंद होणार नाही, आणि बॉल एकदा बुडाला की पाणी आणखी कितीही चढलं तरी जोर वाढत नाही. पाणी मग ओव्हरफ्लोपर्यंत जाणारच.

त्याच कॉकचा पाच वाजताचा हिशोब बघा. तेव्हा प्रेशर 0.7 किलो असेल तर वाढवून धरूनही 140 ग्रॅम पुरतात. बॉल निम्म्याहून थोडा जास्त बुडाला की कॉक व्यवस्थित बंद. याच मापांचा कॉक साधारण 1.3 किलोपर्यंत धरतो आणि त्याच्यावर प्रेशर गेलं की सोडतो. तुमच्याकडे पहाटे नेमकं हेच होत असावं.

आणखी एक गोष्ट यात लपून राहते. कॉक एकदम उघडत नाही, आधी झिरपतो. 1000 लिटरच्या उभ्या टाकीचा व्यास मीटरभर असतो, म्हणजे पातळीच्या एका सेंटिमीटरला सुमारे आठ लिटर पाणी, वरच्या निमुळत्या भागात त्याहून कमी. कॉक बंद होण्याची पातळी आणि ओव्हरफ्लोचं भोक यात पाच सेंमी अंतर असेल तर तिथे 40 लिटरच्या आसपास जागा आहे. मिनिटाला अर्धा लिटर झिरपलं तर ती जागा सव्वा तासात भरते. त्यामुळे ओव्हरफ्लो सहाला दिसला तरी कॉकनं आधीच सोडायला सुरुवात केलेली असते.

आता खात्री करायची पद्धत. टाकी वाहत असताना, म्हणजे सहा वाजताच, झाकण काढून टॉर्चनं बॉलकडे बघा. दुपारी बघून उपयोग नाही.

बॉल पूर्ण बुडालेला आहे, दांडी वर ताणलेली आहे आणि तरी तोंडातून पाणी येतंय, तर जोर कमी पडतोय. बॉल तिरपा, जड होऊन पाण्यात लोंबतोय, तर त्याच्यात पाणी शिरलंय. बॉल निम्मा पाण्याबाहेर तरंगतोय, दांडीला अजून वर जायला जागा आहे आणि ओव्हरफ्लो चालू आहे, तर कॉक बिघडलेलाच नाही. तो बंद होण्याची पातळी ओव्हरफ्लोच्या भोकाच्या वर आहे. आणि बॉल टाकीच्या भिंतीला घासून अडकलेला दिसला तर जोराचा हिशोब करायच्या आधी तो मोकळा करा. प्लास्टिकच्या टाकीची भिंत पातळ आणि गोल असते. आतबाहेर चेकनट आणि रबरी वायसर नीट आवळलेला नसेल तर पाइपाच्या वजनानं कॉक हळूहळू फिरतो आणि दांडी भिंतीकडे वळते.

यानंतर बोटानं दांडी वर उचला. हलक्या बोटानं पाणी पूर्ण थांबलं तर सीट आणि वायसर ठीक आहेत. चांगला जोर लावल्यावरच थांबलं तर प्रेशरचा विषय. कितीही जोर लावला तरी बारीक धार राहिलीच तर वायसर किंवा सीट खराब आहे, किंवा मध्ये खडा आहे.

"चांगला जोर" म्हणजे किती, हे मोजता येतं आणि मोजावंच. प्रवासाची बॅग मोजायचा जो हुकाचा काटा मिळतो तो घ्या. बॉल काढून दांडीच्या टोकाला हुक अडकवा आणि काटा सरळ वर ओढा. पाणी पूर्ण थांबेल त्या क्षणी आकडा वाचा. दांडीचं टोक बॉलच्या मध्यापर्यंत पोचत नसेल तर त्या आकड्याला पिनपासून टोकापर्यंतच्या अंतरानं गुणा आणि पिनपासून बॉलच्या मध्यापर्यंतच्या अंतरानं भागा, तोच आकडा धरा. मग तो बॉल काठोकाठ भरलेल्या बादलीत पूर्ण दाबा, सांडलेलं पाणी परातीत धरून मापानं मोजा आणि त्यातून बॉलचं वजन वजा करा. हा बॉलचा जास्तीत जास्त जोर. वरच्या उदाहरणात काटा 320 ग्रॅमच्या आसपास दाखवेल आणि बॉलचा जोर 280 निघेल. काट्याचा आकडा बॉलच्या जोराच्या दोन तृतीयांशपर्यंत असेल तर कॉक निर्धास्त चालेल. आकडे बरोबरीला आले तर एखाद्या पहाटे वाहणारच. हा प्रयोग पंधरा मिनिटांचा आहे आणि त्यानंतर अंदाजानं सामान आणायची गरज राहत नाही.

खालचा कॉक अर्धा बंद ठेवायचा सल्ला सगळीकडे दिला जातो आणि तो अर्धाच खरा आहे. कॉक अर्धा बंद केला की धावणारं पाणी कमी होतं. पण बॉल कॉक बंद व्हायला आला की लाइनीतून पाणी धावतच नाही आणि न धावणाऱ्या पाण्याचं प्रेशर अर्धवट उघड्या कॉकमधून जसंच्या तसं वर पोचतं. त्यामुळे बॉल कॉक बंद धरायला तितकाच जोर लागतो. फरक एवढाच की सांडणं बारीक होतं, टाकी उशिरा भरते आणि दोष झाकला जातो.

जोर कमी पडतोय हे नक्की झालं तर मुख्य उपाय दोन, आणि कुठला घ्यायचा हे तुमच्याकडे पाणी किती वेळ येतं यावर अवलंबून आहे.

पहिला उपाय म्हणजे छिद्र लहान करणं. दुकानात नुसतं "अर्धा इंची बॉल कॉक द्या" म्हणू नका, "हाय प्रेशरचा, बारीक छिद्राचा" मागा आणि तोंडात डोकावून बघा. अर्धा इंच हे पाइपाच्या आट्यांचं माप आहे, आतलं छिद्र वेगळं असतं. काही कॉकमध्ये सीटचा नायलॉनचा तुकडा बदलता येतो, तसा मिळाला तर तो घ्या. छिद्र 6 मिमीचं असेल तर क्षेत्रफळ चौथाई होतं. दीड किलो प्रेशरला दांडी आणि बॉल तेच ठेवूनही 300 ऐवजी 75 ग्रॅमच लागतात आणि बॉल निम्मासुद्धा बुडायच्या आत पाणी बंद होतं. मला यातलं हे समाधान सगळ्यात जास्त पटतं, कारण वायसर थोडा झिजला किंवा प्रेशर आणखी वाढलं तरी पुरेशी ताकद शिल्लक राहते.

याची किंमत वेळेत मोजावी लागते. 6 मिमीच्या छिद्रातून 0.7 किलो प्रेशरला, पाइपातलं नुकसान धरून, मिनिटाला नऊ-दहा लिटर येतील असं समजा. रिकामी टाकी भरायला पावणेदोन तास लागतील. तुमच्याकडे पाणी साडेचारला येऊन सहानंतरही चालू असतं आणि टाकी रोज तळापर्यंत रिकामी होत नसेल, तर अडचण नाही. पण ज्यांच्याकडे पाणी एक दिवसाआड, तासभर आणि तेही बारीक येतं, त्यांनी हे करू नये. त्यांची टाकी भरणारच नाही.

त्यांच्यासाठी दुसरा उपाय: छिद्र मोठंच ठेवून दांडी लांब आणि बॉल मोठा करणं. पिनपासून बॉलपर्यंतचं अंतर 14 वरून 24 सेंमी केलं तर सातऐवजी बारा पट फायदा मिळतो. बॉल 11 सेंमी व्यासाचा घेतला तर त्याचं आकारमान 700 मिलीच्या आसपास जातं, म्हणजे आधीच्या दुपटीपेक्षा जास्त. दीड किलो प्रेशरला असा बॉल निम्म्याच्या आतच कॉक बंद करतो. मात्र यात दांडी पितळी आणि जाड हवी. पातळ दांडी लांब केली की ती वाकते, आणि प्लास्टिकच्या कॉकमध्ये पिनेचं भोक काही महिन्यांत लांबट होतं. भोक लांबट झालं की दट्ट्या तिरपा बसतो आणि एका बाजूनं झिरप सुरू होते. लांब दांडी फिरायला टाकीत जागा आहे का तेही आधी बघा. मधली आधाराची नळी किंवा दुसरा पाइप आडवा येऊ शकतो.

दांडी खाली वाकवायचा घरगुती उपाय बरेचजण करतात. त्यानं पाणी बंद होण्याची पातळी खाली येते. बॉल निम्मा तरंगत असताना ओव्हरफ्लो होत असेल तर हा उपाय बरोबर आहे. दांडी काढून, दोन्ही हातांनी मधोमध हळूच वाकवा. कॉकवर असतानाच खाली दाबली तर सगळा ताण पिनेवर येतो. पण बॉल पूर्ण बुडूनही पाणी थांबत नसेल तर दांडी कितीही वाकवली तरी जोर वाढणार नाही, उलट टाकीत पाणी कमी साठेल आणि ओव्हरफ्लो तसाच राहील.

तिसरा मार्ग लाइनीवर प्रेशर कमी करणारा व्हॉल्व्ह बसवायचा. अर्धवट बंद कॉकसारखा तो नुसतं पाणी अडवत नाही, थांबलेल्या पाण्याचंही प्रेशर ठरवलेल्या आकड्यापर्यंत खाली आणतो. घरातले नळ, गिझरही त्याच लाइनीवर असतील आणि सगळीकडेच वायसर लवकर जात असतील तर हा खर्च करण्यासारखा आहे. फक्त टाकीसाठी नको. बारीक छिद्राचा कॉक तेच काम स्वस्तात करतो. डायफ्रॅमवाले नवे कॉक पाण्याचंच प्रेशर वापरून बंद होतात, म्हणून जास्त प्रेशरला चांगले चालतात. पण त्यांच्यातलं एक अगदी बारीक भोक मातीनं बुजलं की कॉक बंदच होत नाही, आणि प्रेशर फार कमी असलं तरी ते पक्के बसत नाहीत. पावसाळ्यात किंवा लाइनीच्या दुरुस्तीनंतर गढूळ पाणी येणाऱ्या भागात ते घ्यायचे तर आधी जाळीचा गाळणी तुकडा बसवा आणि तो साफ करायची तयारी ठेवा.

आता तुमचे आधीचे दोन कॉक. ते टाकून दिले नसतील तर उघडून बघा. दांडीची पिन काढली की दट्ट्या बाहेर येतो. वायसरवर गोल खाच पडलेली दिसेल. थोडी खाच नेहमीची, पण ती खोल असेल किंवा एका बाजूला जास्त असेल तर वायसर संपला. तात्पुरता तो उलटा करून बसवता येतो, पण नवा वायसर काही रुपयांत मिळतो. मग सीटच्या कडेवरून नख फिरवा. कुठे अडकलं तर तिथे चरा आहे. झिरपणारा कॉक महिनोन्महिने तसाच चालू ठेवला की बारीक धारेनं पितळेवरही चर पडतो, आणि मग नवा वायसर घालूनही बारीक गळती राहते. चांगल्या पितळी कॉकची सीट उद्यमनगरात लेथवर साफ करून घेता येईल; हलक्या कॉकवर तो खटाटोप करू नका. घरात बोअरचं पाणीही त्याच टाकीत येत असेल तर पिनेवर आणि दट्ट्यावर पांढरा थर साचतो आणि दांडी मध्येच अडकते. सुटे भाग रात्रभर व्हिनेगरमध्ये ठेवून जुन्या टूथब्रशनं घासले की तो निघतो.

बॉलमध्ये पाणी शिरलं असेल तर हलवल्यावर आवाज येतो. आवाज नसेल आणि तरी शंका असेल तर बॉल गरम पाण्याच्या बादलीत दाबून धरा. आतली हवा फुगते आणि फट असेल तिथून बुडबुडे येतात. प्लास्टिकचा बॉल बहुतेक वेळा दांडी जिथे आट्यांवर बसते तिथेच तडकतो, कारण तिथे तो गरजेपेक्षा जास्त आवळलेला असतो.

नवा कॉक बसवताना होणारी एक चूक नव्या कॉकला पहिल्याच दिवशी खराब करते. पाइप कापल्यावर उरलेला भुसा, जुन्या लोखंडी पाइपाची गंजाची पापडी, टेफ्लॉन टेपचे धागे हे सगळं पहिल्या पाण्याबरोबर वर येतं आणि थेट सीटवर बसतं. म्हणून क्रम असा ठेवा. खालचा कॉक बंद करा. जुना बॉल कॉक काढताना टाकीचा निपल एका पान्यानं धरून ठेवा आणि दुसऱ्यानं कॉक फिरवा, नाहीतर निपल फिरून टाकीची भिंत चिरते. मोकळ्या तोंडातून, नळाला पाणी असताना, दोन बादल्या पाणी जोरात सोडून लाइन धुऊन घ्या. मग आट्यांवर टेप गुंडाळताना पहिला आटा मोकळा सोडा, म्हणजे टेपचा तुकडा आत जाणार नाही. कॉक असा बसवा की दांडी बरोबर वर-खाली फिरेल, जराही तिरकी नाही. शेवटी दांडी वाकवून पातळी अशी ठेवा की कॉक बंद झाल्यावर पाणी ओव्हरफ्लोच्या भोकाच्या किमान पाच सेंमी खाली राहील.

कॉकच्या तोंडाला खाली पाण्यात बुडणारी नळी जोडू नका. आवाज कमी होतो म्हणून काही घरांत ती लावलेली दिसते. आपल्याकडे लाइनीत चोवीस तास पाणी नसतं. पाणी गेल्यावर लाइन रिकामी होते तेव्हा अशी नळी टाकीतलं पाणी उलटं ओढून महापालिकेच्या लाइनीत नेऊ शकते. कॉकचं तोंड ओव्हरफ्लोच्या पातळीच्या वरच हवं. 

तुमच्याकडे मोटर लागत नाही, पण वाचणाऱ्या बऱ्याचजणांकडे खालच्या हौदातून मोटरनं पाणी चढतं, त्यांच्यासाठी थोडं. मोटरच्या लाइनीवर बॉल कॉकच्या भरवशावर राहू नका. कॉक बंद व्हायला लागला की पाणी धावायचं कमी होतं आणि मोटरचं प्रेशर चढत जातं; ते महापालिकेच्या लाइनीपेक्षा बरंच जास्त असू शकतं. साधा कॉक ते धरत नाही, आणि धरलं तर मोटर कोंडलेल्या पाण्यावर चालत राहून तापते. मोटरचा पाइप टाकीत वेगळा आणा, त्याला कॉक लावू नका, आणि टाकी भरल्यावर मोटरच बंद करणारा फ्लोट स्विच बसवा. दोन्ही पाणी एकाच पाइपातून वर येत असेल तर मोटरचं पाणी महापालिकेच्या लाइनीत शिरू नये म्हणून नॉन-रिटर्न व्हॉल्व्हही लागेल, पण वेगळे पाइप हेच बरं.

तुमच्या बाबतीत मी असा क्रम धरेन. उद्या सहा वाजता बॉल बघा आणि काट्यानं जोर मोजा. बॉल पूर्ण बुडालेला आणि काट्याचा आकडा बॉलच्या जोरापेक्षा जास्त असेल तर 6 मिमी छिद्राचा हाय प्रेशर कॉक आणा, बॉल आहे त्याच मापाचा चालेल. बसवल्यावर पुन्हा सहालाच काट्यानं मोजा. आकडा शंभरच्या आसपास यायला हवा. तेवढा आला आणि टाकी भरायला तुम्हाला चालेल इतकाच वेळ लागला, तर काम झालं. काटा शंभरच्या बराच वर ओढूनही बारीक धार राहिली, तर सीटवर कचरा आहे: दट्ट्या काढून पुसा, लाइन परत धुवा.

ओव्हरफ्लोचा पाइपही याच वेळी बघून घ्या. आत येणारा पाइप अर्धा इंची असेल तर ओव्हरफ्लो किमान एक इंची, जमल्यास सव्वा इंची हवा, कारण तो प्रेशरशिवाय, नुसत्या उतारानं वाहतो. त्याचं तोंड पावसाच्या पन्हळीत सोडलं असेल तर बाहेर काढून जिन्यावरून किंवा दारातून दिसेल असं ठेवा. पन्हळीत सोडलेला ओव्हरफ्लो जून ते सप्टेंबर रोज वाहत असला तरी पावसाच्या पाण्यात कोणाच्या लक्षात येत नाही.